एकाच तळहाताला सालपटं आणि दोन्ही तळपाय कोरडेठाक: हाताला मलम लावायच्या आधी हे वाचा

मी लातुरात एका लॅबमध्ये काम करतो आणि स्किनच्या डॉक्टरांकडून आलेल्या पेशंटची साल खरवडून मायक्रोस्कोपखाली बघणं हे माझं रोजचं काम. त्यात एक पेशंट ठराविक येतो. उजवा हात एकदम चांगला, डाव्या तळहाताची सालपटं निघालेली (किंवा उलटं), आणि खिशात चार अर्धवट वापरलेल्या ट्यूबा. मी म्हणतो, काका चप्पल काढा, पाय बघू. काका म्हणतात, "पायाला काही नाही हो, पाय पयल्यापासूनच असे फुटलेले हायत." आणि तिथंच सगळी गोम असते.

ह्या प्रकाराला स्किनचे डॉक्टर 'दोन पाय एक हात' असंच म्हणतात. ही फंगस आहे, आपण ज्याला नायटा किंवा गजकर्ण म्हणतो त्याच कुळातली, बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची. पण अंगावरच्या नायट्यासारखं गोल चक्र नाही, लाल कडा नाही, खाजही फारशी नाही, म्हणून लोकांना ती फंगस वाटतच नाही. त्यामुळं चुकीच्या ऑर्डरने इलाज होतो, आधी हात, मग परत हात, मग आणखी महागडं मलम हाताला, आणि पाय तसेच राहतात. खाली सगळं ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहितोय, मधल्या पायऱ्या गाळू नका.

१. आधी हे समजून घ्या: हात एकच का

फंगस पहिली पायात येते, हातात नाही. बूट, घाम, मोजे, रात्रभर ओल्या वावरात पाणी देणं, किंवा घरातल्या कोणाच्या तरी चपला, काहीही कारण असू शकतं. पायात ती वर्षानुवर्षं गुपचूप बसते. ही फंगस त्वचेच्या अगदी वरच्या मेलेल्या थरात राहते, तोच थर खाते, आणि तिच्या अंगावर मॅनन नावाचा एक पदार्थ असतो जो आपल्या शरीराची प्रतिकार करायची ताकद जरा मंद करतो, त्यामुळं सूज नाही, लाली नाही, खाज कमी. माणसाला वाटतं आपले पाय कोरडे आहेत, भेगा पडल्यात, वय झालं, काम मातीतलं.

आता हात. तळहाताला फंगस सहजासहजी पकडत नाही, कारण हात उघडा असतो, दिवसातून दहा वेळा धुतला जातो आणि वाळतो. एकदा पायाला हात लागला म्हणून काही होत नाही. पण ज्या हाताने माणूस रोज पाय चोळतो, पायाची साल सोलतो, जाड झालेली नखं कुरतडतो, त्या हाताला रोज थोडं थोडं बियाणं मिळत राहतं, महिनोन्‌महिने, आणि मग कधीतरी ते उगवतं. पायाला हात लावायचं काम आपण दोन्ही हातांनी सारखं करत नाही, बहुतेक जण एकाच हाताने करतात, म्हणून हातही एकच. दुसरा हात कित्येक वर्षं कसा काय वाचतो ह्याचं पूर्ण उत्तर मेडिकलवाल्यांकडेही नाही, पण पाय आधी आणि हात नंतर हा क्रम मात्र पेशंटला नीट विचारलं की बहुतेक वेळा निघतोच.

पुस्तकात लिहिलेलं असतं की ज्या हाताने जास्त काम करतो तो हात, म्हणजे उजवा. ते बऱ्याचदा बरोबर निघतं. पण मला इकडं उजव्या हाताने लिहिणारे लोक डावा तळहात घेऊन आलेलेही दिसतात आणि त्याचं कारण विचाराल तर न्हाणीत सापडतं. आपण दगडावर उकिडवं बसून आंघोळ करतो, उजव्या हातात तांब्या, पाणी ओतायचं आणि डाव्या हाताने पाय चोळायचे, बोटांच्या बेचक्यात बोटं घालून. मग कोणता हात पायाला जास्त लागतो सांगा. हे माझं निरीक्षण आहे, पुस्तकातलं नाही, पण पेशंटला "तांब्या कुठल्या हातात धरता" एवढंच विचारलं की तो स्वतःच हाताकडं बघायला लागतो.

म्हणून एकच गोष्ट डोक्यात ठेवा: हात हा सांडलेला माल आहे, गोदाम पायात आहे आणि त्याची किल्ली बऱ्याचदा पायाच्या नखात.

२. घरी नीट बघा, सकाळच्या उजेडात

ट्यूबलाइटखाली बघू नका, काही दिसत नाही. सकाळी अंगणात या, दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरा.

फंगसचा हात कसा दिसतो तर ज्वारीचं पीठ मळल्यावर हात नीट न धुता तसाच वाळवला तर रेषांमध्ये जसं पांढरं पीठ अडकून राहतं, अगदी तसा. तळहाताच्या रेषांमध्ये पांढरी बारीक पूड, बाकी तळहात थोडा जाड, कोरडा, धुतल्यावर दहा मिनिटं बरा दिसतो आणि वाळला की परत पांढरा. दुसरा हात शेजारी धरला की फरक लगेच कळतो. त्याच हाताची एकदोन नखं पिवळट किंवा जाड झालेली असतील तर शंका आणखी पक्की.

मग पाय. दोन्ही तळपाय बघा, आणि फक्त तळवा नाही, टाचेपासून पायाच्या कडेकडेने वर जिथपर्यंत बूट येतो तिथपर्यंत. ह्या फंगसची कोरडी पांढरी साल तळव्यावरून कडांवर चढते, जणू पायात सालीची मोजडी घातलीय. साध्या भेगा टाचेलाच असतात, त्या अशा कडेवर चढून आखीव रेघेवर थांबत नाहीत. मग बोटांच्या बेचक्या, विशेष करून करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली, तिथं पांढरं भिजल्यासारखं कातडं म्हणजे चिखल्या आहेत का. मग दहाही नखं. शेवटी जांघा, कारण तिथं नायटा असेल तर तोही ह्याच खात्यात.

चेक: खालचं वाचा आणि स्वतःचं जुळतंय का बघा.

दोन्ही तळहात सारखेच खराब असतील, बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे बारीक पाण्याचे फोड आणि भयंकर खाज असेल तर ते बहुतेक एक्झिमा आहे. जाड, लाल बुडाची, चंदेरी साल आणि कोपरं-गुडघे-डोक्यातही तसंच असेल तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. फक्त अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची टोकं फाटली असतील आणि रोज लसूण सोलणं किंवा सिमेंट, फरशी पुसायचं ॲसिड असलं काही हातात येत असेल तर ती लागट वस्तूची ॲलर्जी असू शकते, तीही कधी कधी एकाच हाताला होते. ह्यातलं पक्कं काय ते डोळ्यांनी ठरत नाही, चांगल्या चांगल्या डॉक्टरांचंही ठरत नाही. म्हणून पुढची पायरी आहे.

आणखी एक, हाताच्या मागच्या बाजूला लाल चक्र आहे आणि पाय एकदम स्वच्छ आहेत, घरात अंगावरचे केस गळणारं वासरू किंवा मांजर आहे, तर तो वेगळा नायटा, जनावराकडून आलेला. त्याला हा लेख लागू नाही.

३. टेस्टच्या आधी मलम बंद

सगळ्यात जास्त घोळ ह्या पायरीवर होतो. पेशंट सकाळी फंगसचं मलम चोपडून दुपारी माझ्याकडं येतो आणि मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि मग तो सांगत फिरतो की मला फंगस नाहीच.

बुरशीचं कुठलंही मलम, पावडर, लोशन तपासणीच्या आधी साधारण दोन आठवडे बंद ठेवायचं. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचं, स्वतःहून बंद करायची नाही. त्या दिवशी तेल, व्हॅसलीन, मेहंदी, कोरफड काहीच लावायचं नाही. आणि आदल्या दिवशी वजरीने, म्हणजे पाय घासायच्या दगडाने, पाय चकाचक घासून यायचं नाही. लोकांना लाज वाटते घाणेरडे पाय घेऊन यायची, पण आम्हाला तीच साल पाहिजे, तुम्ही ती न्हाणीत सोडून आलात तर आम्ही खरवडायचं काय?

थांबा: घरातल्या ट्यूबवर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलंय का बघा. हे स्टेरॉइड आहेत. मेडिकलवर "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की कित्येकदा हेच मिळतं, तीन-चार औषधं एकत्र असलेलं. लावलं की चार दिवसात खाज गायब, हात मऊ, माणूस खुश. पण आत फंगस मस्त वाढत असते, कारण प्रतिकार करणारंच कोणी उरलेलं नसतं, आणि बंद केलं की दुप्पट येतं. वर दिसायलाही ते इतकं बदलतं की मग डॉक्टरलाही ओळखू येत नाही. असं मलम महिनोन्‌महिने लावलेलं असेल तर लपवू नका, ट्यूबच सोबत न्या.

४. केओएच तपासणी: काय करतात आणि काय विचारायचं

तपासणी साधी आहे, रक्त काढत नाहीत, दुखत नाही. स्पिरिटने जागा पुसायची, बोथट ब्लेडने सालीची पूड एका काळ्या कागदावर पाडायची (काळा ह्यासाठी की पांढरी पूड दिसावी), ती काचेच्या पट्टीवर घेऊन वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजेच केओएचचा थेंब. हे केमिकल आपल्या त्वचेच्या पेशी विरघळवून पारदर्शक करतं आणि फंगसचे धागे तसेच राहतात, मग मायक्रोस्कोपमध्ये ते लांब, फांद्या फुटलेले, मध्ये मध्ये पेरं असलेले दिसतात, हरळीच्या मुळ्यांसारखे. अंगावरच्या सालीला १० टक्क्यांचं द्रावण आणि १०-१५ मिनिटं पुरतात, पण तळहात-तळपायाची साल जाड, तिला २० टक्के आणि अर्धा तासही लागतो. घाईत लगेच बघितलं तर नुसत्या पेशींचा ढिगारा दिसतो आणि निगेटिव्ह लिहिलं जातं.

इथं तुम्ही एक काम करायचं. लॅबवाल्याला सांगायचं की हात, दोन्ही पाय आणि खराब नख, सगळीकडचं घ्या आणि वेगवेगळं लिहा. चिठ्ठीवर फक्त 'हात' लिहून आलं तर आम्ही हातच खरवडतो. हाताची साल सारखी धुतलेली असते, त्यामुळं तिथं कमी सापडतं, पायाच्या कडेच्या सालीत मात्र चांगलं सापडतं. नखाचं घेताना टोक कापून उपयोग नाही, नखाच्या खालचा भुसा पाहिजे, जितका आतला तितका चांगला.

चेक: एक निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे फंगस नाही असं नाही. लक्षणं एकदम जुळत असतील तर परत एकदा करायची. कल्चर लावलं, म्हणजे ती फंगस लॅबमध्ये वाढवून बघितली, तर त्याला तीन-चार आठवडे लागतात, लगेच उद्या रिपोर्ट मागू नका.

५. एक केस सांगतो, म्हणजे पुढचं समजेल

मोंढ्यात एका अडत दुकानावर हिशेब लिहिणारे एक काका, वय ४६. तीन वर्षं डावा तळहात. "तीन वर्ष झालं मलमच लावलालोय, बायको म्हणते धुण्याच्या पावडरची ॲलर्जी हाय, पण मी कुठं धुणं धुतो?" हा काकांचाच मुद्दा, आणि बरोबर होता. पहिली तपासणी निगेटिव्ह आली, आणि मी विचारलं तर कळलं की सकाळीच मलम लावून आलेत. दोन आठवडे सगळं बंद करून परत बोलावलं. तेव्हा पायाच्या कडेची साल भरपूर पॉझिटिव्ह, उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा भुसा पॉझिटिव्ह, आणि हाताच्या पट्टीवर शोधून शोधून दोन ठिकाणी धागे दिसले. म्हणजे नुसता हात तपासला असता तर कदाचित परत निगेटिव्हच गेला असता.

नख कधीपासून खराब आहे विचारलं तर म्हणाले दहा वर्षं तरी झाली, दगड पडला होता त्यावर, तेव्हापासून. पाय? "पाय तर लय दिवसाचेच." हात तीन वर्षं. बघा क्रम कसा लागला, पाय-नख, आणि मग हात. आणि तांब्या कुठल्या हातात? उजव्या.

डॉक्टरांनी लिव्हरची रक्त तपासणी करून टर्बिनाफिन २५० मिलीग्रॅमची एक गोळी रोज, नख असल्यामुळं बारा आठवडे दिली, मधे एकदा परत रक्त तपासलं, सोबत मलम. तिसऱ्या आठवड्यात हात गुळगुळीत झाला आणि काकांनी गोळ्या बंद करायचं ठरवलं, कारण त्यांचा आजार त्यांच्या मते हाताचा होता. नशीब की फोन करून विचारलं. पाय साफ व्हायला सात आठवडे गेले आणि नखाचं पुढं सांगतो.

६. इलाज: तिन्ही जागा एकाच दिवशी सुरू

गोळी कोणती आणि किती दिवस हे डॉक्टरच ठरवणार, मी फक्त इतकं सांगतो की गोळी का लागते. तळहात-तळपायाची कातडी शरीरात सगळ्यात जाड, मलम खालपर्यंत पोचत नाही. अंगावरच्या चक्राला जे मलम पुरतं ते इथं बहुतेक वेळा एकटं पुरत नाही. नुसते हात-पाय असतील तर टर्बिनाफिन साधारण दोन ते सहा आठवडे देतात, पायाचं नख असेल तर बारा. काहींना इट्राकोनाझोल देतात. आपल्याकडं हल्ली अंगावरच्या नायट्यात टर्बिनाफिनला न जुमानणारी फंगस बरीच सापडते, म्हणून गोळी व्यवस्थित खाऊनही महिन्यात काहीच फरक नसेल तर तीच गोळी आणखी दोन महिने आणून खाऊ नका, परत दाखवा.

थांबा: लिव्हरचा त्रास, रोजची दारू, गरोदरपण, अंगावर दूध पाजणं, ह्यातलं काहीही असेल तर गोळी लिहायच्या आधी सांगायचं. इट्राकोनाझोल हार्ट कमजोर असलेल्यांना चालत नाही आणि कोलेस्ट्रॉलच्या काही गोळ्यांसोबत धोका करते, शिवाय ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली तर कॅप्सूल नीट शोषलीच जात नाही. टर्बिनाफिन खाताना तोंडाची चव गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ह्या गोळ्या आणू नका.

आता मलम, ह्यात हिशेबच चुकतो. ट्यूबमधून बोटाच्या शेवटच्या पेरापासून टोकापर्यंत मलमाची एक रेघ काढली तर ते अर्धा ग्रॅम होतं, आणि ते दोन पंज्यांएवढ्या जागेला पुरतं. म्हणजे एका तळहाताला अर्धी रेघ, आणि एका तळपायाला कडांसकट धरा एक. एका वेळेला झाल्या अडीच रेघा, सव्वा ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायचं असेल तर रोज अडीच ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब सहा दिवसात संपली पाहिजे! आणि आपले लोक एक ट्यूब दोन महिने पुरवतात आणि म्हणतात मलम लागू पडलं नाही. लुलिकोनाझोलसारखं मलम दिवसातून एकदाच असतं, तिथं खर्च अर्धा.

लावायचा क्रम:

१. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग कोरडे. बेचक्यांसहित कोरडे.

२. साल फार जाड असेल तर डॉक्टरांनी दिलेलं साल मऊ करणारं मलम, सॅलिसिलिक ॲसिडचं किंवा युरियाचं. भेग पडून रक्त दिसतंय तिथं सॅलिसिलिक लावू नका, आग होईल. हे आणि फंगसचं मलम एकावर एक लगेच थापू नका, एक सकाळी एक रात्री असं वाटून घ्या.

३. फंगसचं मलम आधी हाताला, मग पायांना. उलटं केलं तर पायाला लागलेलं बोट परत ट्यूबला आणि हाताला. चांगल्या हाताने तरी का लावायचं पायाला, त्यालाही बियाणं लागेल असं वाटत असेल तर लावून झाल्यावर साबणाने दोन्ही हात धुवा आणि मग आजारी तळहातावर मलमाचा एक हलका हात परत फिरवा.

४. कड दिसते त्याच्या दोन बोटं पुढं चांगल्या कातडीवरही लावायचं.

चेक: बरं दिसायला लागल्यावर मलम आणखी दोन आठवडे. हात साफ झाला आणि पाय राहिले तरी हाताचं मलम थांबवायची घाई नको, जोपर्यंत पाय आहेत तोपर्यंत हाताला परत लागण्याची सोय आहेच.

७. घरातली कामं, थोडक्यात पण चुकवू नका

न्हाणीतली सवय बदला. पाय चोळायला हाताऐवजी लांब दांड्याचा ब्रश घ्या, आणि तो फक्त पायालाच. साल नखाने सोलायची नाही, टीव्ही बघताना मांडी घालून बसलं की हात आपोआप तळव्याकडं जातो, ही सवय सुटायला औषधापेक्षा जास्त वेळ लागतो हे मी लोकांकडं बघून सांगतो.

अंग पुसताना आधी डोकं, अंग, जांघ, आणि पाय शेवटी, वेगळ्या फडक्याने. कपडे घालताना मोजे आधी आणि चड्डी नंतर, नाहीतर चड्डी पायातून वर नेताना फंगस जांघेत नेऊन ठेवता. ऐकायला हसू येतं पण करा.

मोजे सुती, रोज धुतलेले, गरम पाण्यात भिजवून कडक उन्हात उलटे करून वाळवलेले. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढताना रोज मोजे धुवायला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न खराच आहे, तर मग मोजे-बूट बंद आणि उघडी चप्पल, ते जास्त सोपं. बूट घालावाच लागत असेल तर दोन जोड आलटून पालटून, एक दिवस घातलेला दुसऱ्या दिवशी उन्हात. घरातला नेलकटर तुमचा वेगळा. आणि घरातल्या सगळ्यांचे पाय एकदा बघा, म्हातारे आईवडील विशेष करून, कारण त्यांच्या पायाला "भेगा" म्हणून कोणी बघतच नाही.

थांबा: शुगर असलेल्यांनी ह्या भेगा अंगावर काढू नका. फंगसने फाटलेल्या बेचकीतून जंतू शिरून पाय सुजतो, लाल गरम होतो, ताप येतो. असं दिसलं तर मलमाचा विचार सोडून त्याच दिवशी दवाखाना. आणि शुगर असेल तर वरचं पाय भिजवायचं कामही डॉक्टरांना विचारून, पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नसतं. तपासलेलीच नसेल शुगर तर चाळिशीनंतर अशा फंगससोबत एकदा तपासून घ्या.

८. बरं झालं हे ओळखायचं कसं

खाज गेली म्हणजे बरं झालं हे इथं चालत नाही, कारण खाज बहुतेकांना नव्हतीच. हात आणि पाय धुऊन, वाळवून, मलम न लावता एक दिवस ठेवा आणि उजेडात रेषा बघा. पीठ परत भरलं का? नाही भरलं तर आणखी एक आठवड्याने परत. पायाच्या कडेची आखीव रेघ गेली पाहिजे. टाचेच्या जुन्या भेगा राहू शकतात, त्या सगळ्याच फंगसच्या नसतात. शंका असेल तर परत केओएच करता येतं, पण औषधाचा कोर्स संपून थोडे दिवस गेल्यावर, चालू कोर्समध्ये निगेटिव्ह येण्याला फार अर्थ नाही.

नखाला मात्र धीर लागतो. बारा आठवडे गोळ्या संपल्या तेव्हा काकांचं नख जवळपास तसंच पिवळं होतं आणि ते जाम चिडले. गोळी खराब झालेलं नख दुरुस्त करत नाही, मागून येणारं नवीन नख स्वच्छ येतं, आणि अंगठ्याचं पूर्ण नख वाढायला वर्ष-दीड वर्ष लागतं. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे, चांगलं नख आणि पिवळं नख जिथं भेटतं तिथं कानसने एक बारीक आडवी खूण करायची, किंवा महिन्याच्या महिन्याला मोबाइलवर फोटो काढायचा. खूण टोकाकडं सरकतेय आणि तिच्या मागं पिवळं नाही, तर सगळं बरोबर चाललंय. पिवळा भाग खुणेला ओलांडून मागं सरकला तर औषध पुरलेलं नाही, परत दाखवा.

काकांची खूण सहाव्या महिन्यात अर्ध्या नखापर्यंत आली होती आणि मागचं नख गुलाबी. हात त्यानंतर परत बिघडलेला नाही. न्हाणीत ब्रश आणलाय म्हणाले, पण तो आता घरातले सगळेच वापरतात. मी म्हणलं, काका, वेगळा ठेवा म्हणलो होतो ना.